चार बोटांचं अंतर

गिरीजच्या एका मेडिकलमध्ये पैसे देताना पुढच्या आंटी फोन मशीनवर आरतीसारखा ओवाळत होत्या. मशीन ढिम्म. शेवटी दुकानदार म्हणाला, “आंटी, कव्हर काढा बघू.” कव्हरातून वेलंकनी मातेचं चित्र निघालं, दहाची घडी घातलेली नोट निघाली, डेबिट कार्ड निघालं आणि गाडीतल्या लोहचुंबकी स्टँडसाठी चिकटवलेली पोलादी चकतीही निघाली.

माता आणि नोट निर्दोष. कागदाला ही मशीन जुमानत नाही. गोंधळ उरलेल्या दोघांचा.

मशीनमध्ये तारेचं एक वेटोळं असतं. त्यातली वीज सेकंदाला 1 कोटी 35 लाख 60 हजार वेळा मागेपुढे होते आणि भोवती तसंच झुलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. फोनच्या पाठीतही असंच वेटोळं आहे. उत्तर देताना फोन आपल्या वेटोळ्यावरचा भार ठरावीक लयीत कमीजास्त करतो आणि मशीनला तो जाणवतो. विहिरीत पोहरा भरला की काठावरच्या हाताला कळतं, तसंच. कार्डात तर बॅटरीही नसते, त्याची चिप या क्षेत्रातल्याच ऊर्जेवर चालते.

हे क्षेत्र फार लवकर विरतं. वेटोळ्याची त्रिज्या 3 सेंटीमीटर धरली, तर मध्यावर असलेला जोर 3 सेंटीमीटर वर साधारण एक तृतीयांश उरतो, 6 वर अकरावा हिस्सा आणि 12 वर सत्तरावा. म्हणून व्यवहार चार बोटांच्या आतच होतो.

आंटींच्या चकतीत मात्र या क्षेत्रामुळे उलट प्रवाह फिरू लागतात आणि ते मूळ क्षेत्रालाच विरोध करतात. शिवाय कव्हरातलं डेबिट कार्डही ‘मी इथे आहे’ म्हणून उत्तर देतं. दोघं एकदम बोलू लागले की मशीन एकच कार्ड धरायला सांगते किंवा व्यवहार सोडून देते.

“पण मग विरार लोकलमध्ये कुणी मशीन टेकवली तर?” आंटींनी विचारलं. रास्त शंका! तिथे माणसामाणसांत चार बोटं कुठली, चार मिलिमीटरही नसतात. पण पैसे देण्यासाठी फोनचं लॉक उघडावं लागतं. फोन कार्डाचा खरा नंबर देत नाही, त्याऐवजी टोकन आणि त्या एकाच व्यवहारापुरता संकेत देतो. तो चोरून दुसऱ्यांदा वापरता येत नाही. प्लॅस्टिकच्या कार्डाची गोष्ट वेगळी. रिझर्व्ह बँकेने 1 जानेवारी 2021 पासून पिनशिवाय टॅपची मर्यादा व्यवहारामागे 5000 रुपये केली आहे. धास्ती वाटत असेल तर बँकेच्या अ‍ॅपमधून कार्डाचं टॅप बंद ठेवता येतं.

तेव्हा ओवाळू नका. चकती आणि कार्ड बाजूला काढा, फोनची पाठ (बहुतेक फोनांत वरचा भाग) मशीनवरच्या लाटांच्या खुणेपाशी धरा आणि ‘बीप’ होईपर्यंत हलवू नका.