सामाईक विहिरीच्या बैठकीची वेळ कशी काढावी

सामाईक विहिरीवर नवी मोटार बसवायची म्हणजे आधी हिस्सेदार गोळा करावे लागतात. आपण नमुन्यादाखल शिरूर तालुक्यातली एक विहीर घेऊ. आप्पा बांधावर राहतात, आत्या दौंडला, एक पुतण्या डब्लिनला आणि दुसरा सॅन होजेला. विहीर जागची हलत नाही, म्हणून हिस्सेदारांना मोबाइलवर जमवायचे.

या कामी घरातल्या सर्वांत उत्साही माणसाकडून वेळ जुळवून देणाऱ्या साइटचा स्क्रीनशॉट मागवावा. तो ग्रुपवर पडताच आप्पा विचारतील, “आपलं कलकत्त्याला कोण आहे?” त्यांना शांतपणे सांगावे की शिरूर आणि दौंड या साइटच्या खिजगणतीत नाहीत, अख्ख्या भारताची वेळ तिथे Kolkata या नावावर चढवलेली असते. सातबाऱ्यावर आजोबांचेच नाव चालू असलेल्या घराला हे लवकर पटते.

मग IST ही अक्षरे शोधावीत. उन्हाळ्यात ती दोनदा सापडतात, कारण डब्लिनची उन्हाळी वेळही IST म्हणूनच लिहितात. तिथला I आयर्लंडचा. आप्पा हमखास दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून “बैठक दुपारी चारला” असे जाहीर करतात. त्या दुपारी शिरूरला चार वाजतात तेव्हा डब्लिनला साडेअकराच झालेले असतात आणि सॅन होजेला पहाटेचे साडेतीन. तेव्हा अक्षरांवर विसंबू नये, गावाचे नाव वाचावे.

आता मुख्य धोका. स्क्रीनशॉट दिसतो घड्याळासारखा, पण तो खरा असतो त्यावरच्या तारखेपुरता. आणि तारखेची पट्टी, चित्र सुबक दिसावे म्हणून, पाठवणाऱ्याने कापलेली असते. आपला स्क्रीनशॉट १८ ऑक्टोबर २०२५ चा. त्यात भारतात रात्रीचे साडेआठ, डब्लिनला दुपारचे चार, सॅन होजेला सकाळचे आठ. तिन्ही वेळा सोयीच्या, म्हणून सगळ्यांनी अंगठे दाखवले. पण मध्ये दिवाळी आली आणि बैठक ठरली रविवार, ९ नोव्हेंबरला. तोवर डब्लिनने २६ ऑक्टोबरला आणि सॅन होजेने २ नोव्हेंबरला आपापली घड्याळे तासभर मागे घेतली. आपण काहीच मागे घेतले नाही. त्यामुळे भारतातल्या साडेआठला आता डब्लिनला तीन वाजतात आणि सॅन होजेला सात.

जुनाच स्क्रीनशॉट धरून बसल्यास काय होते? दोन्ही पुतणे आपल्या घड्याळात चार आणि आठ वाजता, म्हणजे आपल्या साडेनऊला उगवतात. दोघेही एकाच वेळी उगवल्याने आपण वेळेवर आहोत अशी त्यांची खात्री पटते. इकडे त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रपाळीची असते. आप्पा बॅटरी घेऊन जुन्या मोटारीकडे निघून गेलेले असतात. आत्या जाग्या असतात, पण बोलत नाहीत. अशी तासाभराची चुकामूक दिसली की नेटवर्कला दोष देण्याआधी स्क्रीनशॉटची तारीख विचारावी.

तोडगा सोपा आहे, म्हणूनच कुणी करत नाही. साइटवर तारखेचा रकाना असतो. त्यात आजची नव्हे, बैठकीची तारीख घालावी आणि चित्र न कापता पाठवावे. खाली हाताने लिहावे: रविवार ९ नोव्हेंबर, भारत रात्री ८:३०, डब्लिन रविवार दुपारी ३, सॅन होजे रविवार सकाळी ७. वार प्रत्येकापुढे लिहायचा. आप्पांनी ऐनवेळी “त्यापेक्षा रविवारी सकाळी आठला बसू” म्हटले, तर सॅन होजेला ती शनिवारची संध्याकाळ असते, साडेसहाची, आणि डब्लिनला रविवारची पहाट, अडीचची. डब्लिनकराचा हिस्सा लहान असला तरी त्याला अडीचला उठवू नये. सही त्याचीही लागते.

अंतिम तपासणी दौंडकडे सोपवावी. आतोबा रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. ००:१० ची गाडी त्या तारखेच्या रात्रीची समजून दुसऱ्या रात्री बॅग घेऊन आलेले प्रवासी त्यांनी जंक्शनवर जन्मभर पाहिले आहेत. वेळ चोवीस तासांच्या घड्याळात आणि तारखेसकट लिहिल्याशिवाय ते मान हलवत नाहीत. पुतण्यांना हा जाच वाटतो. वाटू द्यावा.

पहिल्या बैठकीत मोटारीचा निर्णय होत नाही, फक्त पाच की साडेसात हॉर्सपॉवर यावर मतभेद नोंदवले जातात. म्हणून पुढची तारीख लागते. ती ८ ते २९ मार्च २०२६ मध्ये धरू नये. त्या वेळी अमेरिका ८ तारखेलाच घड्याळ पुढे करते आणि डब्लिन थेट २९ ला. मधले तीन आठवडे दोन्ही पुतण्यांमधले नेहमीचे आठ तासांचे अंतर सातावर येते आणि पाठ केलेला हिशोब चुकतो. हे कारण ग्रुपवर समजावत बसू नये. गव्हाची काढणी आहे एवढेच लिहावे. ते खरेही असते.