हिरव्याची पिवळी भानगड

अहो, ऐकलंत का? ग्रीन टीची भानगड थेट यकृतापर्यंत पोचली म्हणे! दिसायला किती सात्त्विक, वागायला किती सोज्वळ, आणि हे काय भलतंच?

आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी वर्षभरापूर्वी आल्याचा दाट चहा सोडला आणि गवत उकळल्यासारखं पाणी तोंड वाकडं करत प्यायला सुरुवात केली. विचारलं की एकच उत्तर : 'अँटिऑक्सिडंट!' इथवर ठीक होतं. पण वजनाचा काटा हलेना, तेव्हा वहिनी कपावरून कॅप्सूलवर आल्या. आठ-दहा कपांचा अर्क एका दिवसात, तोही पहाटे, फिरायला जाण्यापूर्वी, रिकाम्या पोटी!

आता या अर्कातल्या मंडळींची ओळख करून घ्या. हिरव्या चहाच्या पानात कॅटेचिन नावाचं कुटुंब नांदतं. त्यातला थोरला ईजीसीजी. परीक्षानळीत तो ऑक्सिडीकरण झकास रोखतो. त्याचा सगळा नावलौकिक तिथला. माणसाच्या पोटात मात्र त्याचा थोडाच अंश रक्तात उतरतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१० साली पुरावा मागितला, तेव्हा शरीरातल्या पेशींचं ऑक्सिडीकरणापासून रक्षण होतं हा दावा काही सिद्ध झाला नाही. उलट ईजीसीजीची मात्रा फार वाढली की तो पेशीत स्वतःच ऑक्सिडीकरण घडवू शकतो. राखणदारच घर फोडायला निघाला, आता बोला!

'पुरावा काय?' असं तिसऱ्या मजल्यावरचे काका विचारतातच. काका, अमेरिकेत मिनेसोटात रजोनिवृत्तीनंतरच्या हजारांहून अधिक बायकांवर चाचणी झाली. निम्म्यांना वर्षभर रोज सुमारे ८४३ मिलिग्रॅम ईजीसीजी असलेला अर्क, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ कॅप्सूल. अर्क घेणाऱ्यांत शंभरातल्या पाचेक जणींचं एसजीपीटी चांगलंच वाढलं. दुसऱ्या गटात शंभरात एकीचंही धड नाही. कॅप्सूल थांबवली की आकडा खाली, पुन्हा सुरू केली की पुन्हा वर. याला म्हणतात रंगेहाथ पकडणं.

त्यात रिकामं पोट म्हणजे कहरच. उपाशीपोटी घेतलेल्या कॅप्सूलमुळे रक्तातलं ईजीसीजी जेवणासोबत घेतल्यापेक्षा तिपटीहून जास्त चढतं. कपातून घोट घोट येणारा पाहुणा असा एकदम टोळीनं आला, तर यकृतानं कुणाकुणाला सांभाळायचं?

मग सगळ्यांनाच का होत नाही? इथे जनुकांची खमंग बातमी आहे. अमेरिकेत ग्रीन टीच्या अर्कानं यकृत बिघडलेल्यांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश रुग्णांत एचएलए-बी ३५:०१ हा जनुकप्रकार सापडला. एरवी तो साधारण दहांतल्या एकाकडे असतो. म्हणजे मात्रा मोठी आणि जनुकही नेमकं ते, की ठिणगी पडते. पण जनुक असलेल्या प्रत्येकाला त्रास होतो असंही नाही, त्यामुळे आधी कळायची सोय नाही.

वहिनींचं काय झालं म्हणता? विम्याच्या तपासणीत एसजीपीटी वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी विचारलं, 'काही औषधं?' वहिनी ताठ मानेनं म्हणाल्या, 'छे, मी गोळीला शिवतही नाही!' कॅप्सूलला औषध कोण म्हणतं? ते 'नॅचरल'! काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, सगळं स्वच्छ. शेवटी मुलीनं पर्समधली डबी टेबलावर ठेवली, तेव्हा उलगडा झाला. डबी बंद झाली आणि दोनेक महिन्यांत आकडा जागेवर आला.

वहिनी वेळेत सुटल्या, कारण तपासणी योगायोगानं झाली. एरवी अर्क सुरू केल्यावर साधारण महिना ते सहा महिन्यांत थकवा येतो, जेवण नकोसं वाटतं, लघवी गडद होते, डोळे पिवळे पडतात. बहुतेक जण कॅप्सूल सोडताच बरे होतात; मोजक्यांवर यकृत बदलण्याची वेळ आली आहे, काहींचे जीवही गेले आहेत. युरोपनं २०२२ साली नियम केला : दिवसाची मात्रा ८०० मिलिग्रॅम ईजीसीजीच्या आत, आणि डबीवर 'रिकाम्या पोटी घेऊ नये' असा इशारा. फ्रान्स आणि स्पेननं तर २००३ सालीच वजन उतरवणारा असा एक अर्क बाजारातून हटवला होता.

कपातल्या चहाची अब्रू मात्र शाबूत आहे हं. त्यातून दिवसाला साधारण ९० ते ३०० मिलिग्रॅम ईजीसीजी पोटात जातं, तेही हळूहळू. वहिनी पुन्हा ते गवताचं पाणी पितात, तोंड तसंच वाकडं करतात. आणि आता डॉक्टरांकडे जाताना पर्स उपडी करतात.