सर, आज डोंबिवलीतच आहात ना?

संध्याकाळी पाचच्या सुमारास ताईंचा फोन आला आणि त्यांनी गोड आवाजात "सर, आज डोंबिवलीतच आहात ना?" असं विचारलं, की समजावं, कुठल्यातरी बॅचचे सर आज येत नाहीयेत. "हो" म्हणालात की सापडलात. "नाही हो, ठाण्याला आलोय" म्हणालात, तर "बरं बरं, सावकाश या" म्हणून ताई फोन ठेवतात आणि तुमच्या नावापुढे काहीतरी खूण करतात. ती खूण चांगली नसते.

ताई आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या काउंटरवर बसतात. पाटीवर नाव मालकांचं आहे, मालक महिन्यातून दोनदा येऊन एसीचं बिल बघतात आणि हळहळतात. बाकी फिया घेणं, किल्ल्या सांभाळणं, प्रिंटरमधला अडकलेला कागद शिव्या न देता काढणं हे सगळं ताईंचं. जिममध्ये, योगवर्गात, तबल्याच्या क्लासात, सगळीकडे अशी एक ताई असतेच. शिकवता तिला येत नाही, पण शिकवणारा आला नाही तर काय करायचं, हे तिच्याइतकं कुणाला येत नाही.

"बॅच मोडायची नाही," हे ताईंचं पालुपद. सुट्टी दिली की मुलं खूश होतात, हे त्यांना मान्य आहे. पण एकदा सुट्टी दिली की पुढच्या वेळी चार कमी येतात, आणि ते चार कुणाचा तरी साखरपुडा होता असं सांगतात, हेही त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलंय.

सगळ्यात जास्त दांड्या टॅलीच्या सरांच्या. माणूस कामचुकार नाही. दिवसा ते एका फर्ममध्ये अकाउंट्स बघतात आणि संध्याकाळी सातची बॅच घेतात. जीएसटीचं एक रिटर्न महिन्याच्या ११ तारखेला भरायचं, दुसरं २० तारखेला. त्या दिवशी दुपारी पोर्टल रांगतं, एखाद्या व्यापाऱ्याला खरेदीची बिलं ऐन साडेचारला सापडतात आणि सर ऑफिसात अडकतात. सरांना दर महिन्याला याचा नव्याने धक्का बसतो. ताईंना बसत नाही. त्यांच्या कॅलेंडरवर ११ आणि २० ला लाल गोल असतो, जुलैच्या शेवटच्या आठवड्यावर सरळ रेघच मारलेली असते, आणि रविवारच्या बॅचसाठी शनिवारी मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघून ठेवणं हा त्यांचा नेम आहे. १९ तारखेला त्या बदलीच्या माणसाला सहज फोन करतात, "उद्या संध्याकाळी काही ठरलंय का हो?" एवढाच. काम सांगत नाहीत. "काम आधी सांगितलं की लोक आधीपासून आजारी पडतात," असं त्यांचं निरीक्षण आहे.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारची गोष्ट. तारीख अर्थातच २०. सरांचा फोन पाच दहाला आला, मी काउंटरपाशी चहा घेत उभा होतो. सर कारण सांगायला लागले. ताई म्हणाल्या, "सर, कारण नंतर. आधी सांगा, कुठपर्यंत आलंय?" सर म्हणाले, विक्री झालीय, आज माल परत येतो तो भाग होता, क्रेडिट नोट. "सरावाची बिलं?" कपाटात, निळ्या फायलीत. "मुलांचा डेटा त्यांच्याच मशीनवर आहे की पेनड्राइव्हवर? पासवर्ड टाकलाय का कुणी?" ही तीन उत्तरं वहीत उतरल्याशिवाय ताई समोरच्याला फोन ठेवू देत नाहीत. एकदा फोन ठेवला की सर रिटर्नमध्ये बुडतात, मग रात्री नऊपर्यंत मिळत नाहीत, आणि बदलीचा माणूस वर्गात उभा राहून मुलांनाच विचारतो, "कुठपर्यंत आलंय?" मुलं अशा वेळी जे सांगतात त्यावर विश्वास ठेवायचा नसतो.

मग वही मागून उघडली. मागच्या पानांवर बदलीच्या माणसांची नावं असतात, त्यांचे तीन भाग: चालत येणारे, रिक्षाने येणारे, ट्रेनने येणारे. पदव्या कुठेच नाहीत. सातच्या बॅचला पाच दहाला माणूस शोधायचा तर तो किती शिकलाय यापेक्षा कुठे राहतो हे महत्त्वाचं. त्या दिवशी दोघं मोकळे निघाले. एक निवृत्त हिशेबनीस, समोरच्याच गल्लीत राहणारे, चालत येणारे. दुसरी ताईंचीच जुनी विद्यार्थिनी, आता एका दुकानात अकाउंट्स बघते, रिक्षाने येणारी. माझ्या मनात आजोबाच. ताईंनी रिक्षावालीला फोन लावला.

कारण मागचा इतिहास. हेच आजोबा एकदा याच धड्याला आले होते. हिशेबाचं ज्ञान पक्कं, पण हात जुन्या टॅलीवर बसलेला. जुन्या ईआरपी ९ मध्ये क्रेडिट नोटला Ctrl+F8 दाबायचं. २०२० च्या शेवटी टॅली प्राइम आलं, त्यात ते Alt+F6 झालं. आजोबांनी ठसक्यात "दाबा Ctrl+F8" म्हटलं, मुलांनी दाबलं, आणि अठरा पडद्यांवर भलतंच काहीतरी आलं. आजोबांनी संगणक बिघडल्याचं जाहीर केलं. पुढचा पाऊण तास त्यांनी हातानं खतावणी कशी लिहायचे ते शिकवलं, ते म्हणे फारच रंगलं. पण सोमवारी सरांना ताळेबंद जुळवता जुळवता घाम फुटला. तेव्हापासून आजोबांच्या नावापुढे ताईंनी बारीक अक्षरात लिहिलंय, 'फक्त बँकेचा मेळ'.

हा बँकेचा मेळ म्हणजे ताईंची अडीअडचणीची फाइल. हिशेब येणाऱ्या कुणीही घ्यावा, मागचापुढचा धडा लागत नाही. फायलीत एका काल्पनिक दुकानाचं पासबुक आणि चेकची यादी असते. दुकानाच्या वहीत बँकेत ५२,४०० रुपये, पासबुकात ६०,९००. मुलं घाबरतात, कुणीतरी पैसे जास्त दिले असं एकाला वाटतंच. मग शोधत गेलं की ८,५०० चा एक चेक सापडतो. दुकानदाराने तो २८ मार्चला दिलाय, ज्याला दिलाय त्याने ४ एप्रिलला बँकेत टाकलाय. दीड तास सहज जातो आणि सरांच्या क्रमाला धक्का लागत नाही. त्या दिवशी रिक्षावाली मिळाली नसती, तर आजोबा आणि ही फाइल, अशी जोडी ठरलेली होती.

पाच अठराला ती "येते" म्हणाली. आता मुलांना कळवायचं, आणि ताईंना बघण्यासारखं बघायचं तर इथे. त्या पहिला निरोप ग्रुपवर टाकत नाहीत. हजेरीपटात त्यांनी स्वतः आखलेला एक रकाना आहे, 'कुठून येतो'. त्यातले लांबचे आधी. एक मुलगा घाटकोपरला नोकरी करतो, राहतो बदलापूरला आणि क्लाससाठी मध्ये डोंबिवलीला उतरतो. सुट्टी असेल तर त्याला डोंबिवलीच्या आत कळायला हवं, कारण एकदा उतरलेला माणूस सातच्या गर्दीत पुन्हा बदलापूर गाडीत चढून दाखवू दे. त्या दिवशी सुट्टी नव्हती, तरी ताईंनी त्याला फोन केलाच. म्हटलं, अहो, क्लास तर आहे! "आहे ना. पण ग्रुपवर कुणीतरी 'सर नाहीत' एवढंच लिहील आणि हा झोपून सरळ घरी जाईल."

मग ग्रुप. निरोप मी जसाच्या तसा उतरवून ठेवलाय:

"गुरुवार २० फेब्रुवारी, संध्या. ७ ची टॅली बॅच: क्लास आहे. सर नाहीत, त्यांच्या जागी मॅडम घेतील. वेळ, खोली तीच. निळी फाइल इथे मिळेल. वाचलं की आपलं नाव लिहा."

सुविचार नाही, हात जोडलेले नाहीत, 'सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की' नाही. फोनच्या पडद्यावर वरच्या दोनच ओळी दिसतात आणि मुलं तेवढ्याच वाचतात, म्हणून 'क्लास आहे' त्या दोन ओळींत बसवायचं. आणि 'आज' हा शब्द ताईंच्या निरोपात औषधाला सापडणार नाही. नव्या असताना त्यांनी एकदा "आज क्लास नाही" असं लिहिलं होतं. ज्यांचं नेट बंद होतं त्यांना ते दुसऱ्या दिवशी सकाळी मिळालं. त्या संध्याकाळी सर आले, फळा पुसला आणि दोन मुलींना एकट्यांना शिकवलं.

नाव लिहायला लावण्याचं कारण अंगठा. आमच्या बॅचमध्ये एक काका आहेत, ते आलेल्या प्रत्येक निरोपाला अंगठा दाखवतात. वाढदिवसाला अंगठा, फी थकल्याच्या आठवणीला अंगठा, एकदा शोकसंदेशालाही. नाव लिहायचं म्हटलं की निदान शेवटची ओळ वाचावी लागते. निळ्या खुणा बंद करून बसणारे हुशारही असतात. ग्रुपमध्ये ती युक्ती चालत नाही, निरोपावर बोट दाबून माहिती उघडली की कुणी वाचलं ते दिसतंच, आणि ताई ती यादी निकाल बघावा तशी बघतात. पूर्वी त्या ब्रॉडकास्ट यादी वापरायच्या. पण ज्याने आपला नंबर साठवलेला नाही त्याला ब्रॉडकास्ट पोचतच नाही, आणि फी थकलेली मुलं ताईंचा नंबर कशाला साठवतील?

पावणेसहापर्यंत चौदा नावं आली. उरलेल्या चारांना फोन. एकीचा नंबर मुलाचा, मुलगा क्रिकेटला. ताईंनी शेजारणीला लावला, तो नंबरही वहीत होता. एकाचा फोन कामाच्या ठिकाणी लॉकरमध्ये असतो, तो सहाला सुटतो, म्हणून सहा पाचला लावला. तिसरा उचलून "ताई, मग आज सुट्टी ना?" म्हणाला. चौथे अंगठावाले काका. त्यांनी फोन उचलला नाही, पण सातला दहा कमी असताना दारात हजर झाले आणि म्हणाले, "ग्रुपवर काही आलं होतं का? मी अंगठा दिलाय."

मॅडमने क्रेडिट नोट छान घेतली. निघताना ताईंनी तिच्या हातात पाकीट ठेवलं. बदलीचे पैसे त्याच दिवशी द्यायचे, हा मालकांशी भांडून मिळवलेला नियम. महिनाअखेरीला देऊ म्हटलेला माणूस पुढच्या २० तारखेला फोन उचलत नाही.

दुसऱ्या दिवशी सर आले तेव्हा ताई म्हणाल्या, "मुलं काल सारखी तुमची आठवण काढत होती." सर फुलले. तासाभराने मॅडमचा फोन आला, तिला सांगितलं, "पुन्हा तुम्हालाच बोलवा म्हणतायत सगळे." दोन्ही वाक्यं मी स्वतःच्या कानांनी ऐकली. मलाही त्या नेमकं हेच सांगतात, एक्सेलच्या बदलीला गेलो की. तरी ११ आणि २० तारखेला मी पाचच्या आत ठाण्याहून परत येतो आणि एक शर्ट इस्त्री करून ठेवतो.