नकार कळवतो, लोभ असावा

भोसरीत स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बनवण्याचा माझा छोटा कारखाना आहे. या धंद्यात वेल्डिंग मला दोन वर्षांत आलं. 'नाही' म्हणायला चौदा लागली.

सुरुवातीला एका औषध कंपनीची एन्क्वायरी आली. हातात आधीच्या टाक्या अर्धवट होत्या, पण एवढ्या मोठ्या कंपनीला नाही कसं म्हणायचं? म्हणून चार शहाणे करतात तेच केलं, दीडपट भाव टाकला. वाईटपणाही नको आणि कामही नको. पण बाकीचे दोघेही बहुधा माझ्यासारखेच भिडस्त असावेत. त्यांनी दुप्पट टाकले आणि ऑर्डर माझ्या गळ्यात पडली. उशिराचा दंड आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त पाच टक्के. मी पुरते पाच टक्के भरून आलो. वर कंपनीच्या कागदावर शेरा बसला: महाग, शिवाय वेळ पाळत नाही.

त्यानंतर मी गप्प बसायचं धोरण घेतलं. नको असलेल्या एन्क्वायरीला उत्तरच द्यायचं नाही. तीन वेळा हे केलं आणि मग वर्षभर त्या औषध कंपनीकडून काहीच येईना. मला वाटलं, मंदी आली. शेवटी परचेसच्या साहेबांना भेटलो, तर ते म्हणाले, "अहो, तुम्ही तीनदा उत्तर दिलं नाहीत, यादीतून नाव गेलं. आम्हाला वाटलं, कारखाना बंद केलात." परत यादीत शिरायला जीएसटीपासून वेल्डरच्या सर्टिफिकेटपर्यंत सगळं पुन्हा द्यावं लागलं.

त्या दिवशी चहा पिताना साहेबांनी त्यांची बाजू सांगितली. त्यांना माझा भाव हवा असतोच असं नाही, डोकी मोजायची असतात. किमान तीन कोटेशनं नसली की ऑडिटवाले विचारतात, मुदत वाढवावी लागते आणि प्रॉडक्शनवाले साहेबांच्या केबिनबाहेर उभे राहतात. दुसऱ्याच दिवशी आलेला रिग्रेट म्हणजे चौथ्या माणसाला बोलवायला हातात बारा दिवस. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचला आलेला रिग्रेट म्हणजे नुसतं तोंड दाखवणं.

आमची आत्या हे पूर्वीपासून जाणून होती. मुलींना आलेली स्थळं ती 'पत्रिका जुळत नाही' म्हणून आठवड्याच्या आत परत करायची, आणि त्याच घरांतून पुढे लग्नाची आमंत्रणं तिला हक्कानं यायची. फरक एवढाच की पत्रिका कुणी तपासत नाही. क्रेन तपासतात.

यंदा त्याच कंपनीचं चाळीस पानी प्रपोजल मागवणारं पत्र आलं: सहा टाक्या, प्रत्येकी वीस हजार लिटर, बाहेरून जॅकेट, दहा आठवड्यांत. टाकीचं वजन जॅकेट धरून साडेचार टन आणि आमची क्रेन तीन टनांची. सुपरवायझर म्हणाला, "भाड्यानं मोठी क्रेन आणू." मी त्याला वर छताकडे बघायला सांगितलं. शिवाय ड्रॉइंगमधल्या नोझलची मांडणी हुबेहूब एका स्पर्धकाच्या टाकीसारखी होती, म्हणजे लग्न ठरलेलं आणि आम्ही वऱ्हाडात. पण हे पत्रात लिहायचं नसतं. ते खरं असो वा नसो, वाचणाऱ्याला आरोपच वाटतो.

पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आधी फोन केला, मग चार ओळी पाठवल्या: "एन्क्वायरीबद्दल आभार. आमची क्रेन तीन टनांची असल्याने या टाक्या आमच्याकडे उचलता येणार नाहीत, म्हणून या वेळी रिग्रेट. दहा हजार लिटरपर्यंतच्या टाक्यांसाठी नोव्हेंबरपासून जागा मोकळी आहे. ड्रॉइंग कुणाला दिलेली नाहीत, आमच्याकडची प्रत नष्ट केली आहे. आमची नोंद 'उत्तर नाही'मध्ये न करता 'रिग्रेट'मध्ये करावी." 'सध्या फार काम आहे' हे मुद्दाम टाळलं. त्याचा अर्थ 'तुमची गरज नाही' असाच लागतो.

तासाभरात साहेबांचा फोन. "पत्र चांगलंय हो, पण तिसरा कागद कमी पडतोय. असा-तसा एक वाढीव आकडा टाका ना, तुम्हाला काम देणार नाही, शब्द देतो."

हा शब्द मी चौदा वर्षांपूर्वी स्वतःलाच दिला होता. शिवाय दुसऱ्याला जिंकवण्यासाठी ठरवून चढा भाव टाकणं 2002 च्या स्पर्धा कायद्यात बसत नाही, हे आमच्या सीएनं मला दोनदा समजावलंय. मी म्हणालो, "साहेब, तिसरा मी होणार नाही. पण अजून बारा दिवस आहेत. मोठ्या क्रेनवाल्यांपैकी कुणाला विचारलंत?"

थोडा वेळ फोनवर फक्त पंख्याचा आवाज. मग साहेब म्हणाले, "नोव्हेंबर म्हणालात ना? आठ टाक्यांचं काम निघतंय, पाच-पाच हजार लिटर."

"पाठवा," मी म्हणालो.

"पाठवतो. पण त्यात मुदत सहा आठवडे आहे."

मी छताकडे बघितलं. या वेळी छताचा काही दोष नव्हता.