हिरवी ज्योत, काळं तांबं

जांब समर्थला येणारा माणूस समर्थांच्या जन्मगावी आलो म्हणून आधी राममंदिरात जातो. मी या वेळी मंदिरातून निघून शिवाराकडे गेलो आणि ओढ्याच्या काठी थांबलो. तिथं बैलगाडीच्या चाकाएवढा काळा डाग होता. राखेत केसासारख्या बारीक, काळ्या पडलेल्या तारांचे तुकडे होते. एक उचलून वाकवला, तर काडीसारखा कट्‌कन मोडला.

ही बोअरच्या मोटारीची केबल होती. घनसावंगीच्या या पट्ट्यात मोटार काढणं-सोडणं नेहमीचंच. केबल कुठंतरी सोलवटते, जोडावर पाणी शिरतं, मग जुनी केबल गोठ्याच्या आढ्याला टांगली जाते. एक दिवस पोरं ती उतरवतात, वर थोडं डिझेल टाकतात आणि काडी लावतात. चोरीची केबल असेल तर हेच काम रात्री होतं. जवळच्या वस्तीवरच्या नानांनी मला सांगितलं, "पोरं मोठ्या हौसेनं बघत बसतेत. ज्योत हिरवीगार निघते ना!"

नाना, त्या हिरव्या रंगाचीच भीती धरायला हवी. केबलचं आवरण पीव्हीसीचं असतं आणि शुद्ध पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त, साधारण ५७ टक्के, क्लोरीन असतो. तापलेल्या तांब्याला क्लोरीन भेटला की ज्योत हिरवी होते. १८७२ साली बाइलस्टाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं यावरूनच एक चाचणी बसवली: तांब्याची तार तापवायची, पदार्थाला टेकवायची, पुन्हा ज्योतीत धरायची. हिरवं दिसलं तर पदार्थात क्लोरीनसारखं काहीतरी आहे असं समजायचं. प्रयोगशाळेत ही चाचणी तांदळाच्या दाण्याएवढ्या नमुन्यावर होते. ओढ्याकाठी ती शंभर मीटर केबलवर होते, आणि तीही उघड्या नाकानं.

शंभर मीटरचा हिशेब मांडतो. अडीच एमएमची तीन कोअरची चपटी केबल घ्या. तीन गाभ्यांचं तांबं मिळून मीटरला ६७ ग्रॅम भरतं, म्हणजे शंभर मीटरला पावणेसात किलोच्या आसपास. आवरण साधारण तेवढ्याच वजनाचं धरू. त्यातली निम्मी खडूची भुकटी आणि मऊपणासाठी घातलेलं तेलकट रसायन धरलं, तरी पावणेदोन-दोन किलो क्लोरीन उरतो. तो बहुतेक हायड्रोजन क्लोराइड वायू होऊन धुरात जातो. हा वायू ओलाव्याला भेटला की त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं, आणि डोळे, घसा, फुप्फुस या सगळ्या ओल्याच जागा आहेत. नाकाला बांधलेला रुमाल काजळी थोडीफार अडवतो, वायूला अडवत नाही. आधी डोळे चुरचुरतात, ठसका लागतो, मग बरं वाटतं. काही वेळा खरा त्रास नंतर होतो: काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू लागतं आणि दम लागतो. संध्याकाळी धूर घेतलेल्या पोराला रात्री धाप लागली, तर सकाळची वाट बघू नका. तेव्हाच दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना केबल जाळल्याचं सांगा.

दुसरं विष डोळ्यांना झोंबत नाही, म्हणून त्याची कुणी दखल घेत नाही. ते म्हणजे डायऑक्सिन. धुमसत्या राखेत आणि निवत जाणाऱ्या धुरात, अडीचशे ते चारशे अंशांच्या आसपास ते तयार होतं, आणि त्याला जोडून देणारा उत्तम मध्यस्थ म्हणजे तांबंच. साधा पीव्हीसीचा पाइप जाळणं वाईटच, पण तांब्यासकट जाळणं त्याहून वाईट. २००१ च्या स्टॉकहोम कराराच्या यादीत, ही विषं जिथं जन्मतात त्या कामांमध्ये, तांब्याच्या केबल धुमसवणं नाव घेऊन लिहिलेलं आहे. भारतानं हा करार २००६ मध्ये मान्य केला. डायऑक्सिन मातीत बसतं, माती टोचणाऱ्या कोंबडीच्या चरबीत जातं आणि तिथून अंड्यात उतरतं. घानातल्या अगबोगब्लोशी या भंगारवाडीत वर्षानुवर्षं केबली जळत होत्या. तिथल्या कोंबड्यांच्या अंड्यांच्या तपासणीचा अहवाल २०१९ साली आला, तेव्हा मोठ्या माणसानं एक अंडं खाल्लं तरी युरोपनं ठरवलेल्या एका दिवसाच्या मर्यादेच्या २२० पट डायऑक्सिन पोटात जाईल असं निघालं. एकदा शरीरात गेलेलं डायऑक्सिन निम्मं व्हायलाच सात ते अकरा वर्षं लागतात.

एवढं सोसून हाती काय येतं? या केबलच्या एकेका गाभ्यात छत्तीस-छत्तीस बारीक तारा असतात. आगीत त्या प्रत्येकीवर काळा पापुद्रा धरतो, काही जळून ठिसूळ होतात, काही राखेतच राहतात. भंगारवाला जळकं तांबं हातात घेताच ओळखतो आणि भाव पाडतो. म्हणजे वजनही घटतं आणि दरही घटतो.

सोलायला मात्र एक दुपार पुरते. केबल तोडलेली आणि विजेपासून सुटी आहे याची आधी खात्री करा. मग ती पत्र्यावर उन्हात अर्धा तास पसरा. आपल्याकडच्या उन्हात आवरण मऊ पडतं, तेच हिवाळ्यातल्या सकाळी दगडासारखं असतं. चपट्या केबलला दोन गाभ्यांच्या मध्ये खोबण असते. बाहेरचं आवरण त्या खोबणीवरून चिरलं की तिन्ही गाभे ओढून वेगळे करता येतात. पुढं एका फळीवर ब्लेड पक्कं बसवा, खाली गाभ्याच्या जाडीएवढीच वाट ठेवा आणि गाभा त्यातून ओढा. ब्लेड हलवायचं नाही, वायर ओढायची, म्हणजे बोटं वाचतात. हातमोजे घाला. तारा तुटून आवरणासोबत निघायला लागल्या, तर ब्लेड फार खोल गेलंय असं समजा आणि थोडं वर घ्या. जुन्या आवरणात शिशाचा अंश असतो, म्हणून हात धुतल्याशिवाय तंबाखूची पुडी उघडू नका.

घरातल्या जुन्या फिटिंगची किंवा चार्जरची बारीक वायर मात्र सोलत बसू नका. तिच्यात तांबं थोडं आणि मेहनत फार. ती आवरणासकटच विका, पण आधी तिचा उतारा काढा. एक मीटर तुकडा तोलायचा, सोलायचा, नुसतं तांबं पुन्हा तोलायचं. वर धरलेल्या केबलचा मीटर समजा १४० ग्रॅम भरला आणि तांबं ६७ निघालं, तर उतारा ४८ टक्के झाला. तांब्याच्या भावाच्या तेवढ्या टक्क्यांहून फार खाली कुणी भाव सांगितला, तर हा तुकडा काट्यावर ठेवून दाखवा. तांबं म्हणून विकण्याआधी ब्लेडनं एक ओरखडाही मारा. आत पांढरं दिसलं तर ते वरून तांबं चढवलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे.

हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला पंचवीस हजारांचा दंड सांगितला आहे. ओढ्याकाठी रात्री पावती फाडायला कोण येणार, हे मलाही कळतं. म्हणून माझं बोलणं सरपंच, तलाठी यांच्याआधी त्या केबलच्या मालकाशी आहे.

निघताना नाना विचारत होते, या राखेचं काय करू, उकिरड्यावर टाकू का? नाना, उकिरड्यावर टाकू नका, ती खताबरोबर शेतात जाईल. वारा नसताना नाक झाकून, राख थोडी ओली करून, खालच्या बोटभर मातीसकट गोणीत भरा, तोंड शिवा आणि ग्रामपंचायतीला कळवा. तोवर कोंबड्या तिकडं सोडू नका. मेंढरं तर अजिबात नको. सगळ्या जनावरांत तांबं मेंढीलाच सर्वांत लवकर बाधतं.