फलकाखालचा ढीग

आमच्या मंडईच्या कोपऱ्यावर गेल्या महिन्यात स्वच्छतेच्या जनजागृतीचं उद्घाटन झालं. आठ फुटी फलकावर पाच हसरे चेहरे, खाली ठळक अक्षरांत ‘येथे कचरा टाकू नये’ आणि त्याच्याही खाली कचरा. उद्घाटनाच्या चहाचे कप त्यातच पडले.

लोकांना वाचता येत नाही असं नाही. ते फलकही वाचतात आणि ढीगही, पण विश्वास ढिगावर ठेवतात. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात कीस कायझर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे मोजून २००८ साली प्रसिद्ध केलं. एका गल्लीतल्या सायकलींच्या हँडलना त्यांनी जाहिरातीची पत्रकं अडकवली. टाकायला पेटी नव्हतीच. गल्लीतली भिंत स्वच्छ होती तेव्हा ३३ टक्के लोकांनी पत्रक तिथेच टाकलं. भिंत रेघोट्यांनी बरबटवल्यावर ६९ टक्क्यांनी. ‘भिंत रंगवू नये’ ही पाटी मात्र दोन्ही वेळा इमानेइतबारे उभी होती!

तेव्हा मोहिमेचा पहिला पैसा फलकावर नव्हे, बाजार भरायच्या आत ढीग उचलण्यावर घालावा.

दुसरा पैसा पेटीवर. ती कुठे ठेवायची हे कपाला विचारावं. एका संध्याकाळी मी टपरीवरून निघालेल्या कपांच्या मागे चाललो. शेवटचा घोट बहुतेकांनी लिंबूवाल्यापाशी घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि कप विजेच्या खांबामागे हळूच ठेवला. ठेवला, भिरकावला नाही. एवढी लाज शिल्लक आहे, तेच आपलं भांडवल. पेटी त्या खांबापाशी हवी. आमची आहे मुतारीच्या भिंतीला, कारण गाडीला तिथून उचलायला बरं पडतं. शिवाय खांबापाशी आणलेली पेटी संध्याकाळी सातलाच ओसंडू लागली, तर तोच नवा ढीग. म्हणून गर्दीच्या वेळी ती एकदा तरी रिकामी व्हायलाच हवी.

हा उपाय चहाचा कप आणि भेळेचा कागद यांच्यापुरता. भाजीवाल्यांनी सोललेल्या कोबीच्या पानांना तो लागू नाही. दोन-दोन पोती पाला कोणी पेटीत कोंबत नाही. त्याला गाळे उठायच्या वेळी येणारी घंटागाडीच लागते.

राहता राहिला हिशेब. मोहिमेआधी पंधरा दिवस, ठरलेल्या शंभर फुटांत, ठरलेल्या वेळी पडलेले कप मोजायचे. नंतरही तसेच. आणि जिथे काहीच केलं नाही अशी शेजारची गल्लीही मोजायची. नाहीतर पावसाने गिऱ्हाईक घटतं आणि श्रेय फलक घेतो.

आमच्याकडे मोजले ते फक्त उद्घाटनाचे हार. पंधरा भरले. तेही त्याच ढिगात आहेत.