बारा इतिवृत्ते, एक तक्ता

सहकारी गृहनिर्माण संस्थेचे आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते आणि 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते. त्याआधी उपनिबंधकांचे पत्र आलेच, तर वर्षभराच्या ठरावांचा एकच तक्ता करणाऱ्या सचिवांना जाहीर वंदन करायला हवे.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचेच पाहा. एप्रिलच्या सभेत चार लाख ऐंशी हजारांचे दरपत्रक मंजूर झाले. जूनमध्ये मागचे इतिवृत्त कायम करताना ‘मंजूर’च्या जागी ‘तत्त्वतः मंजूर’ अशी दुरुस्ती झाली. ऑक्टोबरमध्ये नवी दरपत्रके मागवायचे ठरले, जानेवारीत विषय स्थगित झाला. एखाद्या अरसिकाने चारही नोंदी जुळवून ‘काम झाले नाही’ अशी एकच ओळ लिहिली असती. तक्त्यात मात्र चार ओळी आहेत, म्हणजे चार निर्णय, सर्व एकमताने! शिवाय प्रत्येक सभेत क्रमांक एकपासून सुरू होत असल्याने चारही ठिकाणी ‘ठराव क्र. 3’ आहे. सातत्य म्हणतात ते हेच.

‘अंमलबजावणी’च्या रकान्यात चारदा ‘होय’. खोटे कसे म्हणणार? विषय स्थगित करायचे ठरले होते आणि तो स्थगित झालाच.

हाच न्याय पुढे नेला, तर दरमहा स्थगिती देणारी समिती सर्वांत कार्यक्षम ठरेल. तिला पुरस्कारही द्यावा.

पत्रात मूळ विचारणा वरच्या मजल्यावरील गळतीची होती. तक्ता पाहून कार्यालयाने ‘पूर्तता झाली’ असा शेरा मारला. तक्रारदाराने आपली प्रत लॅमिनेट करून मागितली आहे.